सीए फर्मचं लेटरहेड आणि ईमेलची सही एका घाटाची केली, त्याचा वापरानंतरचा अनुभव

दोन भागीदार, तीन आर्टिकल आणि एक अकाउंटंट एवढंच आमचं ऑफिस. दिवाळीनंतर लेटरहेड आणि ईमेलखालची सही दोन्ही नव्याने केली. ऑडिटचा एक आख्खा हंगाम त्यावर निघाला, म्हणून आता लिहिते.

सीए फर्मसाठी काम करणाऱ्या डिझायनरला पहिल्याच भेटीत सांगायची गोष्ट म्हणजे फर्मला स्वतःचा लोगो किंवा मोनोग्राम करता येत नाही. आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या आचारसंहितेत फर्मचं नाव लोगोसारखं दिसेल असं नटवणंही बसत नाही. चालतो तो संस्थेचा सीए लोगो, तोही रंग आणि प्रमाण न बदलता, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. मग दोन्हीकडे ओळख पटवणार कशाने? आमच्याकडे उरलं ते अक्षर, एक रेघ आणि मांडणी. डावीकडे लोगो, मध्ये उभी गडद निळी रेघ, उजवीकडे नाव आणि तपशील. लेटरहेडच्या माथ्यावरही हेच आणि सहीतही हेच.

सुरुवात मात्र सहीपासून केली, आणि तोच या कामातला सगळ्यात शहाणा निर्णय होता. कागदावर कुठलाही फॉन्ट छापता येतो. ईमेलमध्ये वाचणाऱ्याच्या मशीनवर असेल तोच दिसतो. म्हणून विंडोज आणि मॅक दोन्हीकडे असणारा Georgia नावासाठी घेतला. अँड्रॉइडवर तो नसतो, तिथे दुसरा सेरिफ फॉन्ट येतो. तेवढं सोडून दिलं. पण Georgia चे आकडे एका रांगेत बसत नाहीत: 3, 4, 5, 7, 9 ओळीखाली लोंबतात. नावात आकडा नसतो, पण एफआरएन म्हणजे फर्मचा नोंदणी क्रमांक, सभासद क्रमांक आणि फोन नंबर त्यात वाचायला त्रास होतो. हिशेब तपासणाऱ्यांच्या कागदावर आकडेच वरखाली! म्हणून तपशिलाच्या ओळी दोन्हीकडे Arial मध्ये आहेत.

सही एकाच चित्राच्या रूपात करू नका, असं मी कळवळून सांगेन. चित्रं अडवलेली असली की खाली रिकामा चौकोन दिसतो, फोन नंबर कॉपी होत नाही, आणि ईमेलसोबत image001.png अशी फाइल लटकते. फॉर्म 16 शोधणाऱ्या क्लायंटला अशा डझनभर फायली आधी भेटतात. आमच्या सहीत चित्र फक्त लोगोचं आहे, बाकी मजकूर साध्या टेबलात. विंडोजवरचं जुनं आउटलुक ईमेल वर्डच्या इंजिनाने दाखवतं, त्यामुळे आधुनिक मांडणी तिथे कोसळते, टेबल टिकतं. रेघ म्हणजे मजकुराच्या खान्याची डावी कडा:

```html
<td style="border-left:2px solid #1F3A5F;
padding-left:12px; font-family:Arial,sans-serif;
font-size:13px;">
```

नावाच्या ओळीला तेवढा Georgia वेगळा दिला आहे. लोगो दिसतो 64 पिक्सेलचा, पण फाइल 128 ची ठेवली आणि रुंदी width मध्ये लिहिली, म्हणजे फोनवर धूसर होत नाही.

रेघेचे हे 2 पिक्सेल कागदावर 1.5 पॉइंट होतात. आधी प्रेसवाल्याने अर्ध्या पॉइंटची नाजूक रेघ सुचवली होती, दिसायलाही छान होती. पण आमची बहुतेक पत्रं छापील कागदावर जात नाहीत. वर्डच्या टेम्प्लेटमधून ऑफिसच्या काळ्या-पांढऱ्या लेझरवर निघतात, सही-शिक्का होऊन स्कॅन होतात. लेझर निळा रंग करड्या ठिपक्यांनी दाखवतो, आणि बारीक रेघेत ते ठिपके तुटक दिसतात. 1.5 पॉइंटची रेघ बँकेने केलेल्या झेरॉक्समध्येही टिकते. कागदाच्या कडेपर्यंत जाणारी रंगीत पट्टीही याच कारणाने नको म्हटलं, कारण साधा प्रिंटर कडेला काही मिलिमीटर कोरे सोडतोच.

रंगाचा मेळ मात्र उलट्या दिशेने लावला. बॉन्ड पेपर शाई पितो, त्यामुळे स्क्रीनवरचा झळझळीत निळा छापल्यावर मलूल होतो. म्हणून प्रेसमध्ये त्याच कागदावर नमुने काढले, त्यातला एक निवडला आणि तो शेजारी ठेवून स्क्रीनचा कोड ठरवला.

टेम्प्लेटमध्ये Different First Page चालू ठेवा, नाहीतर चार पानी रिपोर्टच्या प्रत्येक पानावर पूर्ण पत्ता येतो. यूडीआयएन या दस्तऐवजाच्या ओळख क्रमांकाची जागा माथ्यावर छापू नका; तो दस्तऐवजागणिक वेगळा असतो आणि शेवटी सहीजवळच शोभतो.

न सुटलेल्या दोन गोष्टी आहेत. डार्क मोडमध्ये आमची निळी अक्षरं काही ठिकाणी फिकट होतात आणि लोगो पांढऱ्या चौकोनात उठून दिसतो. पारदर्शक लोगो वापरला तर गडद भाग काळ्यात बुडतो, म्हणून चौकोन पत्करला. आणि फोनवरच्या जीमेल अ‍ॅपमध्ये वेगळी सही ठेवली तर ती नुसत्या मजकुराची असते. तिथे आम्ही त्याच क्रमाने तीन ओळी ठेवल्या: नाव, फर्म, फोन. मोठे भागीदार मात्र अजून सगळं फोनवरूनच पाठवतात, आणि त्यांच्या ईमेलखाली नुसतं ‘धन्यवाद’ असतं.