कन्सोल आणि हेडसेटच्या मध्ये मिक्सर: घ्यावा की कन्सोलचीच सेटिंग वापरावी?

मिक्सर म्हणजे गेम आणि चॅटच्या आवाजाचं प्रमाण बदलायचं बटण असलेला छोटा डबा. तो घेण्याआधी एकच गोष्ट बघायची: गेमचा आवाज आणि चॅटचा आवाज त्याच्यापर्यंत दोन वेगळ्या वाटांनी पोचतात का? नुसती यूएसबी केबल लावली तर प्लेस्टेशन ५ दोन्ही आवाज आतच एकत्र करून बाहेर सोडतो. एकदा मिसळलेले आवाज कुठलाही मिक्सर परत सुटे करू शकत नाही. मग गेम-चॅटचं बटण कितीही फिरवा, त्याच्या हातात वेगळं करण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

एक्सबॉक्सचं गणित आणखी वेगळं. साधा यूएसबी ऑडिओ तो स्वीकारतच नाही. एक्सबॉक्ससाठी परवाना घेऊन बनवलेलं उपकरण असेल तरच गेम आणि चॅट त्याला वेगवेगळे मिळू शकतात, त्यामुळे तिथे खोक्यावर ‘एक्सबॉक्ससाठी’ असं लिहिलंय का ते आधी वाचा. पुढचं सगळं प्लेस्टेशन ५ डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, कारण खरा घोळ तिथेच होतो.

पहिला पर्याय फुकटातला: हेडसेट थेट कन्सोलला लावायचा आणि कंट्रोल सेंटरमधल्या आवाजाच्या मेनूत जाऊन गेम-चॅटचा तोल बदलायचा. मिसळण्याआधीच प्रमाण ठरत असल्यामुळे हा तोल खरोखर काम करतो. शिवाय हेडफोनसाठीचा सोनीचा थ्रीडी आवाज शाबूत राहतो. गैरसोय एवढीच, की ऐन चकमकीत मेनू उघडावा लागतो.

दुसरा पर्याय म्हणजे ऑप्टिकल इनपुट असलेला मिक्सर. गेमचा आवाज ऑप्टिकल केबलने येतो, चॅट आणि माइक यूएसबीवरून जातात, आणि बटण हाताशी राहतं. पण प्लेस्टेशन ५ ला ऑप्टिकल पोर्टच नाही. तो आवाज टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून घ्यावा लागतो किंवा मध्ये एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढणारा एक्स्ट्रॅक्टर बसवावा लागतो. एक्स्ट्रॅक्टर एचडीएमआय २.० चा असेल, तर त्यातून पूर्ण ४के चित्र १२० हर्ट्झला जात नाही. टीव्हीच्या वाटेने चित्राला धक्का लागत नाही, पण काही टीव्ही त्या पोर्टमधून फक्त स्टिरिओ सोडतात. आणि दोन्ही वाटांवर हेडफोनसाठीच्या थ्रीडी आवाजावर पाणी सोडावं लागतं, कारण तो फक्त यूएसबी किंवा कंट्रोलरच्या हेडफोन जोडणीवर मिळतो. पावलांचा आवाज कुठून येतोय यावर ज्याचा खेळ अवलंबून आहे, त्याला हे जड जाईल.

समजा, दुसरा पर्याय घेतलात. टीव्हीचा ऑप्टिकल आउट मिक्सरला जोडा, मिक्सरची यूएसबी कन्सोलला लावा आणि हेडसेट मिक्सरमध्ये खुपसा. आता कन्सोलमध्ये यूएसबीवर ‘सगळा आवाज’ न पाठवता फक्त चॅट पाठवा. हे राहिलं तर गेम दोन्ही वाटांनी येतो, किंचित पुढेमागे, आणि डब्यात बोलल्यासारखा पोकळ ऐकू येतो. खात्री करायची तर ऑप्टिकल केबल उपसा: गेम पूर्ण बंद होऊन मित्रांचे आवाज चालू राहिले, तर जोडणी बरोबर आहे. गेम चालूच राहिला, तर सेटिंग चुकलीय.

बटणाकडून जास्तीची अपेक्षाही नको. मध्यावर दोन्ही आवाज पूर्ण असतात. एका बाजूला फिरवलं की दुसरी बाजू फक्त कमी होते. मित्राचा आवाज मुळातच बारीक असेल, तर गेम खाली घेऊन हेडफोनचा एकूण आवाज वाढवावा लागतो.

तिसरा पर्याय लाइन-इनचा. गप्पा फोनवर चालू असतील तर फोनचा आवाज मिक्सरच्या लाइन-इनमध्ये घालायचा. यात गेम यूएसबीवरूनच येतो, म्हणून थ्रीडी आवाज टिकतो आणि मिक्सिंगही खरं होतं. अडचण माइकची. मिक्सर माइक कन्सोलकडे पाठवतो, फोनकडे नाही. मित्रांचं तुम्हाला ऐकू येतं, पण तुमचं त्यांना जात नाही. माइक परत फोनकडे सोडणारी चॅट जोडणी मिक्सरवर आहे का, हे विकत घेण्याआधी तपासा. फोन चार्जरला लावल्यावर घुंघुं सुरू झाली, तर चार्जर काढून बघा. दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून येणारी ही घरघर तांब्याच्या तारेवर होते, ऑप्टिकलवर नाही.

माझं मत सरळ आहे. कन्सोलच्याच पार्टी चॅटमध्ये बोलत असाल, तर सहसा मिक्सर घेऊ नका. गप्पा फोनवरच होणार असतील तर तिसरा पर्याय, तोही चॅट जोडणी असेल तरच. दुसरा पर्याय त्याच्यासाठी, जो एका सामन्यात पुन्हा पुन्हा तोल बदलतो आणि ज्याला थ्रीडी आवाजाची फिकीर नाही.