भरिताचा एकच व्हिडिओ सगळीकडे, की जागेनुसार वेगळा?

यावलच्या वहिनींकडे भरिताचा आठ मिनिटांचा आडवा व्हिडिओ तयार आहे. तोच यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर टाकावा की रील वेगळं कापावं, हा त्यांचा प्रश्न.

मेहनत पाहिली तर जसाच्या तसा टाकणं पाच मिनिटांचं काम. पण उभ्या मोबाइलवर आडवं चित्र जेमतेम एक तृतीयांश पडदा व्यापतं. काड्यांवर भाजणारी वांगी दिसणार कशी?

उभं कापायला संध्याकाळ जाते. आडव्या फुल एचडी चित्रातून उभा तुकडा काढला की रुंदी फक्त ६०७ पिक्सेल उरते आणि चित्र फुटतं. म्हणून फोर केमध्ये, वांगी मधोमध ठेवून चित्रीकरण करावं. रीलची सुरुवात नमस्काराने नको, थेट वांगं सोलण्याने करावी. बोलणं लेवा बोलीत चालेल, गावचे लोक तेच पुढे पाठवतात. यूट्यूबवर मात्र साहित्याचं प्रमाण सगळं सांगावं. तिथला माणूस रेसिपी शोधत येतो. दुसऱ्या अ‍ॅपचा शिक्का असलेलं रील इन्स्टाग्राम कमी सुचवतं, तेव्हा मूळ फाइलच वापरा.

नातेवाइकांपुरतं असेल तर आहे तोच व्हिडिओ पुरे. भरिताच्या ऑर्डरी हव्या असतील तर रील वेगळंच कापा.