‘शुभं करोति’चा अर्थ मुलांना कसा सांगावा : भावार्थ की पदं फोडून?

गिरगावातल्या आमच्या चाळीत संध्याकाळी पाच-सहा मुलं माझ्याकडे श्लोक म्हणायला येतात. अर्थ सांगायच्या दोन्ही पद्धती मी वापरून पाहिल्या.

आधी सरळ भावार्थ सांगायचे: ‘दिव्या, तू आमचं भलं करतोस, आरोग्य आणि धन देतोस, तुला नमस्कार.’ पहिली-दुसरीच्या मुलांना एवढं पुरतं. पण तिसरीतल्या एकाला ‘शत्रुबुद्धिविनाशाय’ म्हणजे काय विचारलं, तर तो म्हणाला, “शत्रूला मारायचं!” भावार्थात तो शब्द मी गाळलाच होता, म्हणून त्याने आपला अर्थ लावला.

मग फळ्यावर तुकडे केले: शत्रु, बुद्धि, विनाशाय. ‘बुद्धी’ आणि ‘विनाश’ मुलांना मराठीतून माहीत असतात. फक्त शेवटच्या ‘आय’चा अर्थ ‘साठी’, एवढंच सांगावं लागलं. नाश कशाचा व्हायचा? शत्रूचा नव्हे, वैर धरणाऱ्या बुद्धीचा. “म्हणजे भांडण झाल्यावर मनात राहतो तो राग?” एक मुलगी म्हणाली. अगदी तोच!

‘नमोऽस्तु ते’चंही तसंच. मराठी कानाला ‘ते’ म्हणजे ‘ती माणसं’. नमः, अस्तु, ते असं सुटं केलं की ‘तुला नमस्कार असो’ हे दिसतं.

सगळा श्लोक असा फोडला तर मात्र मुलं कंटाळतात. म्हणून तिसरीपासून पुढे मी भावार्थ आधी सांगते आणि मराठी कान फसतो तेवढेच दोन शब्द फोडते.