फुल फेस हेल्मेट: काही महिने वापरल्यावर आणि एकदा पडल्यावर

हे हेल्मेट मी बाइकवर रोज वापरलं, उन्हात आणि पावसातही, आणि मध्ये एकदा ते डोक्यावर असताना पडलेसुद्धा. त्यामुळे रंग, ग्राफिक्स, दिसणं यावर वेळ घालवत नाही. कुठल्याही हेल्मेटच्या कडक कवचाच्या आत थर्मोकोलचा जाड थर असतो आणि त्याच्या आत कापडात शिवलेले मऊ फोमचे पॅड. वापराने फोम बसतो, थर्मोकोल बसत नाही. एवढं लक्षात घेतलं तर माप कसं घ्यायचं, हवा कुठून येते आणि हेल्मेट कधी टाकून द्यायचं, हे बऱ्यापैकी उलगडतं.

आधी प्रमाणपत्राचं सांगते. ईसीई २२.०६ हा हेल्मेटच्या सुरक्षेचा युरोपीय नियम, तो बघून मी हेल्मेट घेतलं. हे बघायची जागा हेल्मेटच्या मागचं स्टिकर नाही, तर हनुवटीच्या पट्ट्याला शिवलेली छोटी चिठ्ठी. तिच्यावर वर्तुळात इंग्रजी ‘ई’ आणि एक आकडा असतो. तो आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा, गुणवत्तेचा नाही. ई१ म्हणजे जर्मनी, ई३ म्हणजे इटली. त्याखालचा मान्यता क्रमांक ०६ ने सुरू झाला तर नियम नवा, ०५ ने झाला तर जुना. पुढे ‘पी’ असेल तर हनुवटीचा भागही संरक्षक म्हणून तपासलेला असतो, ‘जे’ असेल तर तो उघड्या तोंडाचा प्रकार. पुढचा भाग वर उचलता येणारं हेल्मेट घेणाऱ्यांनी ही अक्षरं नक्की वाचावीत.

नव्या नियमात मला सर्वात मोलाची वाटते ती तिरक्या आघाताची चाचणी. पडताना डोकं सहसा सरळ खाली आपटत नाही, रस्त्यावर घासत झटक्याने फिरतं, आणि मेंदूला त्या फिरण्याने इजा होते. म्हणून हेल्मेट ४५ अंशांच्या खरखरीत उतारावर आपटून आतलं डोकं किती जोरात फिरतं ते मोजतात. सरळ आघाताच्या मुख्य चाचणीत वेग साधारण ताशी २७ किलोमीटर असतो. हा आकडा ऐकून घाबरू नका. तो गाडीचा वेग नव्हे, डोकं ज्या वेगाने जमिनीवर किंवा कठड्यावर आदळतं तो आहे. जवळजवळ तीन मीटर उंचीवरून सरळ खाली पडल्यावर येतो तितका. अमेरिकेच्या डॉट शिक्क्यात कंपनी स्वतःच खात्री देते आणि सरकारी यंत्रणा नंतर बाजारातून नमुने उचलून तपासते, म्हणून माझा कल ईसीईकडे. तुम्ही राहता तिथे कायद्याने वेगळं चिन्ह लागत असेल तर तेही असायलाच हवं.

आता माप, कारण खरी गडबड इथेच होते. भुवयांच्या वर दोनेक सेंटिमीटर आणि मागे डोक्याचा सर्वात फुगीर भाग, अशी टेप फिरवली तर माझा घेर साडेसत्तावन्न येतो. तक्त्यात मीडियम ५७-५८ आणि लार्ज ५९-६०. लार्ज घातल्यावर खूप आराम वाटला. मीडियममध्ये गाल दाबले जाऊन ओठ पुढे येत होते. तरी मी मीडियमच घेतलं, कारण गालाला लागतो तो फोम आणि तो बसणारच. आज तेच पॅड गालाला नुसते टेकून आहेत. लार्ज घेतलं असतं तर एव्हाना मागे वळून बघताना डोकं वळलं असतं आणि हेल्मेट जागेवर राहिलं असतं.

मात्र प्रत्येक दाब सहन करायचा नसतो. याआधी दुसऱ्या एका कंपनीचं मीडियम मी दुकानात वीस मिनिटं घालून बसले होते. काढल्यावर कपाळाच्या मधोमध लाल पट्टा होता आणि कानांच्या वर दोन्ही बाजूंना जागा रिकामी. म्हणजे त्याची आतली घडण गोल आणि माझं डोकं पुढून मागे लांबट. तो दाब पातळ पॅडच्या मागच्या थर्मोकोलचा होता, आणि थर्मोकोल कितीही वापरलं तरी तुमच्या कपाळासाठी मागे सरकत नाही. अशा वेळी मोठं माप मागू नका, दुसरी घडण असलेलं मॉडेल बघा.

शेवटची परीक्षा पट्टा आवळून करायची. मागची कड दोन्ही हातांनी धरून हेल्मेट पुढच्या बाजूला उलटवायचा प्रयत्न करा. निघालं तर ते तुमचं नाही. लांब केसांचा अंबाडा आत कोंबून ही परीक्षा घेऊ नका. केस मानेपाशी खाली बांधा.

हवेच्या बाबतीत बाहेरची भोकं मोजण्यात अर्थ नाही. अस्तर काढून बघा, कपाळावरच्या झडपेचं भोक थर्मोकोलच्या आरपार येतं का, तिथून मागच्या भोकांपर्यंत चर आहे का, आणि अस्तर त्यावर जाळी ठेवतं की सरळ झाकून टाकतं. माझ्या हेल्मेटमध्ये चर पूर्ण आहे, त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर टाळूवरून हवा फिरलेली स्पष्ट जाणवते. सिग्नलला थांबल्यावर काहीच जाणवत नाही. चालल्याशिवाय हवा खेचली जात नाही, ही मर्यादा सगळ्यांचीच. हनुवटीची झडप मुख्यतः काचेवरचं धुकं घालवते, पावसात ती उघडी ठेवते. वेग वाढला की वरच्या झडपांमधून शीळ येते, तेव्हा लांबच्या रस्त्याला मी कानात इअरप्लग घालते.

आणि ते पडणं. वळणावर वाळू होती, वेग अगदी कमी, पण उजव्या कानाच्या वरचा भाग रस्त्यावर आपटला. मला काही झालं नाही. बाहेर तळहाताएवढा खरवडा, कवचाला तडा नाही. अस्तर काढून बॅटरीच्या उजेडात बघितलं तर खरवड्याच्या बरोबर मागे थर्मोकोल आतून जसाच्या तसा दिसत होता. पण थर्मोकोल चेपतो तो बहुधा कवचाला चिकटलेल्या बाजूने, जिथे नजर पोहोचतच नाही. अंगठ्याने दाबल्यावर ती जागा डावीकडच्या त्याच जागेपेक्षा किंचित आत गेली आणि कवचाशी फट असल्यासारखा बारीक करकर आवाज आला. एकदा चेपलेला थर्मोकोल पुन्हा फुगत नाही. त्याच जागी दुसरा मार बसला तर तो शोषायला तिथे काही उरलेलं नसतं. करकर आली नसती तरीही मी हेल्मेट बदललंच असतं, कारण न दिसणं म्हणजे शाबूत असणं नव्हे. रिकामं हेल्मेट सीटवरून घसरून पडलं तर गोष्ट वेगळी. आत डोक्याचं वजन नसतं, थर्मोकोल सहसा चेपत नाही. तेव्हा कवच, पट्टा आणि काचेची बिजागरी तपासून पुढे वापरता येतं.

न पडताही पाच वर्षांच्या आसपास बदलायचं, असं कंपन्या सांगतात. घाम, तेल आणि उन्हाने फोम आणि गोंद आधी थकतात. गालाचे पॅड सुटे मिळत असतील तर सैलपणा मधल्या काळात दुरुस्त होतो, गोंद सुटू लागल्यावर मात्र होत नाही. बनवल्याची तारीख बहुधा अस्तराखाली असते, ती विकत घेतानाच बघा, म्हणजे गोदामात पडून राहिलेलं गळ्यात पडणार नाही. पेट्रोल किंवा थिनरने कधीही पुसू नका. थर्मोकोल त्यात विरघळतो आणि पॉलीकार्बोनेटचं कवच ठिसूळ होतं. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो.

मी तेच मॉडेल, तेच मीडियम पुन्हा घेतलं. जुन्याचा पट्टा दोन्ही बाजूंनी मुळापाशी कापला आणि मगच कचऱ्यात दिलं, नाहीतर बाहेरून चांगलं दिसतं म्हणून कुणीतरी उचलून डोक्यावर चढवलं असतं.