गायकाचा आवाज गिटारींखाली दबतोय: पॅनिंग, इक्यू की कम्प्रेसर?

राजारामपुरीतल्या एका बँडचं रॉक गाणं माझ्याकडे मिक्सिंगला आलं. ड्रम्स, बेस, डिस्टॉर्शनच्या दोन गिटारी आणि गायक. सगळे ट्रॅक मधोमध ठेवलेले, त्यामुळे ध्रुवपदात शब्द गायब. पोरांनी गायकाचा फेडर वर सरकवला होता, तर अंतऱ्यात आवाज अंगावर यायला लागला. आता आधी कशाला हात घालायचा?

मी पॅनिंगपासून सुरुवात करतो, कारण त्यानं सुराचा पोत बदलत नाही, फक्त जागा बदलते. एक गिटार पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे. किक, स्नेअर, बेस आणि गायक मध्ये. पण फरक पडेना. शोधलं तर दुसरी गिटार म्हणजे पहिल्याच टेकची कॉपी! दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत तेच आलं, तर कानाला ते मध्येच ऐकू येतं. तोच भाग गिटारवाल्याकडून पुन्हा वाजवून घेतला आणि मधली जागा लगेच मोकळी झाली.

पॅनिंगची मर्यादा मोनोत कळते. मोबाइलचा एकच स्पीकर किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला मोनोत जोडलेली सिस्टीम असेल, तर डावं-उजवं एकत्र होतं. मोनोचं बटण दाबलं आणि शब्द परत बुडाले. इथं इक्यू लागतो, म्हणजे आवाजातला ठरावीक पट्टा कमी-जास्त करणं. शब्द स्पष्ट करणारी व्यंजनं साधारण 2 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात, आणि डिस्टॉर्शनची धारही तिथंच. म्हणून गायकाचं काही न वाढवता दोन्ही गिटारींत 3 किलोहर्ट्झच्या आसपास 3 डेसिबल कमी केले. गिटार एकटी ऐकली तर थोडी बोथट वाटेल. सगळी वाद्यं चालू ठेवूनच ठरवा. फार कापलं तर मात्र ती घोंगडं पांघरून वाजवल्यासारखी येते.

एवढं करूनही ओळींच्या शेवटचे शब्द पडतच होते, कारण तिथं गायकाचा दम कमी पडतो. काही शब्द मोठे आणि काही बारीक, असं असेल तरच मोठा आवाज दाबणारा कम्प्रेसर. रेशो 4:1 ठेवला, म्हणजे थ्रेशोल्डच्या, जिथून दाब सुरू होतो त्या पातळीच्या, 8 डेसिबल वर गेलेला आवाज फक्त 2 डेसिबल वर राहतो. अटॅक, म्हणजे दाब बसायला लागणारा वेळ, 10 मिलिसेकंद. मोठ्या शब्दांवर मीटर 5 डेसिबलच्या आसपास दबेल इतका थ्रेशोल्ड खाली आणला, मग पूर्ण ट्रॅकची पातळी उचलली. श्वास शब्दांइतकेच मोठे ऐकू यायला लागले, की दाब जास्त झाला समजा.

गिटारींवर मात्र मी कम्प्रेसर लावला नाही. डिस्टॉर्शननं त्यांचे चढ-उतार आधीच सपाट केलेले असतात.