झोपाळ्याच्या कड्यांवर लाकडी रिंगा: काही महिन्यांच्या वापरानंतर

व्यायामासाठी मी घेतलेल्या संचात 32 मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी रिंगा, दोन लांब पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याला एक बकल एवढेच होते. स्लॅबमध्ये झोपाळ्याच्या कड्या असल्यामुळे टांगण्याची सोय आयतीच होती. ज्यांच्याकडे त्या नाहीत त्यांनी पंख्याच्या हुकाचा विचारही करू नये.

अडचण आली ती कड्यांमधल्या अंतराची. रिंगा साधारण खांद्याच्या रुंदीइतक्या, म्हणजे 50 सेंटिमीटरच्या आसपास अंतरावर हव्यात, आणि झोपाळ्याच्या कड्या त्याच्या दुपटीहून लांब असतात. पट्टे तिरके झाले की रिंगा सतत बाहेर ओढल्या जातात. रिंगा धरून मागे झुकत छाती त्यांच्याकडे ओढण्याच्या ‘रो’ या प्रकाराला ते खपून जाते, पण पुश-अप्समध्ये छातीवर आणि खांद्याच्या पुढच्या बाजूवर नको तितका ताण येतो. म्हणून कड्यांना झोपाळ्याच्या आखूड साखळ्या लावून त्यांत एक जाड लोखंडी पाइप आडवा टांगला, त्याची टोके घट्ट बांधली आणि पट्टे त्यावर घेतले.

या साधनाचा खरा गुण ‘रो’मध्ये दिसतो, कारण वजन न बदलता भार बदलता येतो: पाय जितके पुढे, तितके शरीर आडवे आणि ओढ जड. जमिनीवरच्या दोन फुटी फरशांचे सांधे मी मोजपट्टीसारखे वापरतो. बारा-बारांचे तीन संच, दर वेळी रिंग बरगड्यांना लागेपर्यंत, नीट झाले की टाचा अर्धी फरशी पुढे सरकतात. शेवटच्या काही फेऱ्यांत खांदे कानांकडे चढू लागले किंवा कंबर खाली पडून फक्त हातच ओढू लागले, तर ती वाढ घाईची होती असे समजून पुन्हा मागे यावे.

पुश-अप्ससाठी रिंगा प्रथम कमरेच्या उंचीवर ठेवाव्यात. जमिनीवर वीस सहज काढणाऱ्याचेही हात इथे थरथरतात, कारण रिंग स्थिर धरण्याचे काम वेगळे करावे लागते. तीन सेकंदांत खाली येणे, कोपरे अंगालगत ठेवणे आणि वर पोचल्यावर तळवे किंचित पुढे वळवणे जमले, की मगच उंची वीतभर कमी करावी. पट्टा दंडाला घासतो, त्यामुळे बाह्यांचा शर्ट बरा. दोन्ही पट्ट्यांची लांबी मात्र दर वेळी तपासावी लागते. त्यावर आकडे छापलेले असतील तरच संच घ्यावा, असे माझे मत आहे.

पायांच्या बाबतीत रिंगा थिट्या पडतात. एका पायाची बैठक रिंगा धरून शिकता येते आणि मागचा पाय रिंगेत अडकवून केलेले लंजेस चांगलेच जड जातात. टाचा रिंगेत ठेवून, पाठीवर झोपून, कंबर उचलून गुडघे दुमडण्याचा प्रकार मांडीच्या मागच्या स्नायूंना उत्तम आहे, पण टाचा निसटतात. पायांसाठी पट्ट्यांचे फासे असलेला सस्पेन्शन ट्रेनर तिथे सरस ठरतो. मांड्यांची ताकद आणखी वाढवायची असेल, तर लंजेस करताना पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक घ्यावीच लागते.