पाकिटावरचा भाव आणि कढईतला भाव: गोव्यातल्या स्वयंपाकघरासाठी चार तेलं

फोंड्याच्या बाजारात गेल्या महिन्यात सूर्यफुलाचं एक पाकीट उचललं, १५८ रुपयांचं. शेजारीच शेंगदाण्याचं होतं, १९८ रुपयांचं. चाळीस रुपयांचा फरक पाहून कोणीही सूर्यफूलच टोपलीत टाकेल, मीही टाकलं. घरी येऊन स्टीलच्या बुधलीत ओतलं तर नेहमीच्या खुणेपर्यंत तेल येईना. पाकीट उलटून पाहिलं: निव्वळ वजन ८५० ग्रॅम. आकार तोच, फुगवटा तोच, पण लिटर नव्हतंच ते.

खाद्यतेल एवढ्याच मापात भरलं पाहिजे अशी पूर्वीची सक्ती आता राहिलेली नाही. त्यामुळे ७५०, ८००, ८५० ग्रॅम अशी पाकिटं लिटरच्या रांगेत उभी असतात. वजन स्पष्ट छापलेलं असतं, लपवलेलं नसतं, पण आपण डोळ्यांनी लिटर पाहतो आणि हाताने पैसे देतो. म्हणून तेल कोणतं घ्यायचं हे ठरवण्याआधी एक आकडा पाठ करून ठेवा: एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. चारही तेलांत यात किरकोळच फरक असतो. किमतीला ग्रॅमने भागा, ९१० ने गुणा, की खरा लिटरचा भाव मिळतो. माझ्या पाकिटाचा तो निघाला १६९ रुपये. म्हणजे शेंगदाण्याशी फरक चाळीसचा नव्हे, एकोणतीसचा.

पाकिटावर एककाचा भावही छापावा लागतो, तो बारीक अक्षरात किमतीच्या आसपास सापडेल. पण किलोच्या आतल्या पाकिटावर तो दर ग्रॅमला असतो आणि दोन दशांशांपर्यंतच. १५८ भागिले ८५० म्हणजे ०.१८६, छापलं जातं ०.१९. त्याला ९१० ने गुणलं तर १७३ येतात, म्हणजे लिटरमागे चार रुपये नुसत्या गोळाबेरजेत इकडचे तिकडे होतात. शिवाय एकावर दर ग्रॅमला आणि दुसऱ्यावर दर मिलिलिटरला भाव असेल तर ते दोन आकडे थेट समोरासमोर ठेवता येत नाहीत. मोबाइलवर स्वतः भागाकार करणं बरं.

आता दुसरी बाजू, पाकीट किती दिवस जातं. आमच्या घरात चार माणसं. बुधली भरली की कॅलेंडरवर खूण करायची, रिकामी झाली की दुसरी. तीन महिने असं केल्यावर आमचा रोजचा खप ८० मिलिलिटरच्या आसपास निघाला. आमटी-हुमणात नारळाचं वाटप असल्यामुळे आमच्याकडे फोडणीला तेल तसं कमी लागतं, जातं ते कापांना आणि बांगडे भाजायला. तुमचा आकडा वेगळा येईल, पण तो काढल्याशिवाय पुढचा हिशेब अंदाजाचाच राहतो. खालचे भाव मी ज्या दिवशी घेतले त्या दिवसाचे आहेत. तुम्ही तुमच्या पाकिटावरचे घाला, पद्धत तीच.

| तेल | पाकीट | किंमत | लिटरचा भाव | रोज ८० मिलि. ने दिवस |
|---|---|---|---|---|
| शेंगदाणा, फिल्टर | १ लिटर | ₹१९८ | ₹१९८ | साडेबारा |
| सूर्यफूल, रिफाइंड | ८५० ग्रॅम | ₹१५८ | ₹१६९ | पावणेबारा |
| मोहरी, कच्ची घाणी | ५०० मिलि. | ₹१०२ | ₹२०४ | सहा |
| मिश्र तेल | ५ लिटरचा कॅन | ₹८६० | ₹१७२ | बासष्ट |

एवढ्यावर थांबलं तर सूर्यफूल जिंकतं. पण तक्ता असं धरून चालतो की विकत घेतलेला प्रत्येक थेंब पोटात जातो. तळणाच्या घरात तसं होत नाही.

सूर्यफुलाच्या साध्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं, साधारण साठ टक्के. हे आम्ल उष्णतेत आणि हवेत लवकर बिघडतं. कढईच्या कडेला जो पिवळट, चिकट थर बसतो आणि घासून निघत नाही, तो त्याचाच. शेंगदाण्यात उष्णतेला जास्त टिकणाऱ्या ओलेइक आम्लाचा वाटा मोठा असतो आणि लिनोलिकचा सूर्यफुलापेक्षा बराच कमी, म्हणून तेच तळण त्याला जास्त सोसतं. चवथीच्या नेवऱ्यांचं उदाहरण घ्या. कढईत साधारण सहाशे मिलिलिटर तेल ओतलं, नेवऱ्या झाल्या, तीनशे-साडेतीनशे उरलं. शेंगदाण्याचं असेल तर मी ते निवल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळते आणि चार-पाच दिवसांत भाजी-फोडणीला संपवते. सूर्यफुलाचं उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी काळपट, जड वाटतं, पुन्हा तापवताना लवकर धूर धरतं, आणि मग ते टाकावंच लागतं.

इथे भाव पलटतो. लिटरमागे १५० मिलिलिटर सूर्यफूल टाकून दिलं, तर वापरात आलं ८५० मिलिलिटर. १६९ भागिले ०.८५ म्हणजे १९९ रुपये. शेंगदाण्याचा भाव १९८. म्हणजे दीडशे मिलिलिटर टाकलं की सूर्यफुलाची सगळी स्वस्ताई संपली. एका मध्यम वाटीएवढं तेल, यापेक्षा जास्त नाही.

पण हे खरं कशाच्या तळणाला? नेवऱ्या, चकल्या, पुऱ्या, जिथे तेल स्वच्छ राहतं तिथे. रवा लावलेल्या नुस्त्याला नाही. रव्याचे कण तळाशी जळतात, बांगड्याचा वास बसतो, आणि त्या तेलात दुसऱ्या दिवशी पुरी तळायची कोणाचीच इच्छा होत नाही, मग ते शेंगदाण्याचं असो की सूर्यफुलाचं. नुस्त्यासाठी महागाचं तेल ओतून काही वाचत नाही. तिथे वाचतं ते तव्यावर तीन-चार चमचे तेलात भाजून. म्हणून ज्या घरात आठवड्यातून चारदा रवा-फ्राय होतो पण पुऱ्या सणालाच, तिथे सूर्यफूल किंवा मिश्र तेल घेणं मला जास्त पटतं. आणि ज्यांच्याकडे नाश्त्याला भजी-पुऱ्या नेहमीच्या, त्यांनी शेंगदाण्याला महाग म्हणू नये. फिल्टर तेलाला स्वतःचा वास असतो आणि तापताना थोडा फेस येतो, एवढं ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी रिफाइंड शेंगदाणा आहे.

मिश्र तेलाबद्दल एकच गोष्ट आधी पाहायची: कशाचं मिश्रण. नियमाने यात दोन तेलं असतात, कोणाचाही वाटा वीस टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही, आणि कोणतं किती टक्के हे पाकिटावर लिहावंच लागतं.  समोर मोठ्या अक्षरात एका तेलाचं चित्र असतं आणि मागे वाचलं तर त्याचा वाटा वीसच टक्के, असं होऊ शकतं. भाताच्या कोंड्याचं म्हणजे राइस ब्रॅनचं तेल जास्त आणि सूर्यफूल कमी असेल, तर ते मिश्रण नुसत्या सूर्यफुलापेक्षा तळणाला टिकतं. उलट सोयाबीनचा वाटा मोठा असेल तर टिकण्यात काही फायदा नाही, ते भावातच स्वस्त पडलं पाहिजे. मोहरी मात्र मिश्र तेलात सापडणार नाही. मोहरीच्या तेलात दुसरं खाद्यतेल मिसळायला ८ जून २०२१ पासून बंदी आहे.

मोहरीचं तेल आमच्याकडे फक्त लोणच्यापुरतं येतं. कोकम, तिरफळ आणि ओल्या खोबऱ्याच्या चवीत त्याचा तिखट झणका मला बसवता आला नाही. पलीकडच्या इमारतीत कोलकात्याचं कुटुंब राहतं, त्या घरी मासे याच तेलात होतात, आधी धूर येईपर्यंत तापवून, आणि चवही सुरेख येते. तेव्हा रोज खाणाऱ्यांनी लिटरची बाटली घ्यावी. आमच्यासारख्यांनी लिटरचा भाव बघूच नये. वर्षातून एकदा तोरांच्या लोणच्याला लागणारं तेल पाव-अर्धा लिटर, मग उरलेलं वर्षभर कपाटात खवट करण्यापेक्षा छोटी बाटली महाग वाटली तरी स्वस्तच.

खवटपणाचा मुद्दा आपल्या हवेत फार जवळचा. पाच लिटरचा कॅन बासष्ट दिवस जातो म्हणजे बासष्ट दिवस झाकण उघडत-मिटत राहतं. एप्रिल-मेमध्ये ओट्यापाशी, शेगडीच्या बाजूला कॅन ठेवला तर शेवटच्या लिटरला वास येतो, हे मी दोन उन्हाळे पाहिलं आहे. ओळखायचं असं: एक थेंब तळहातावर घ्या, दुसऱ्या हाताने घासून गरम करा आणि हुंगा. ताज्या तेलाला वास नसतो किंवा त्या दाण्याचाच असतो. बिघडलेल्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. कॅन घ्यायचाच तर पहिल्याच दिवशी लिटर-लिटरच्या कोरड्या बाटल्यांत काठोकाठ भरून अंधाऱ्या कपाटात ठेवावा, वर हवा जितकी कमी तितकं बरं. तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल ठेवू नये, त्या धातूंनी ते लवकर खवट होतं. आणि बुधलीच्या तळाशी उरलेल्या जुन्या तेलावर नवं ओतू नये, आधी धुऊन खडखडीत वाळवावी.

पाच लिटरच्या कॅनमध्ये लिटरमागे वाचतात किती, तेही बघा. तेच मिश्र तेल एक लिटरच्या पाकिटात १७८ ला होतं, कॅनमध्ये १७२ पडलं. पूर्ण कॅनमागे तीस रुपये. शेवटचे दोनशे मिलिलिटर जरी फेकले तरी चौतीस रुपये गेले. उन्हाळ्यात मी कॅन घेत नाही.

चवथीच्या आधी मात्र आम्ही तिघी जावा मिळून डबा आणतो. तिथेही एक चकवा आहे. दुकानात सूर्यफुलाचे दोन डबे होते, एक २५२० रुपयांचा, एक २६४० चा. धाकटी म्हणाली, "वहिनी, कमीचा घेऊया, दोन्ही पंधराचेच आहेत." दोन्ही पंधराचेच होते, पण पहिला पंधरा लिटरचा आणि दुसरा पंधरा किलोचा. पंधरा किलो म्हणजे साडेसोळा लिटर. पहिला लिटरला १६८ ला पडत होता, दुसरा १६० ला. आम्ही दुसरा घेतला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाच-पाच किलो वाटून घेतला. दोघींतच वाटला असता तर प्रत्येकीकडे सव्वाआठ लिटर, तीन महिन्यांच्याही वर. तिघींत साडेपाच लिटर आलं, आमच्या खपाने एरवी अडुसष्ट-एकोणसत्तर दिवसांचं, पण नेवऱ्या, चकल्या आणि शेव यांत त्यातलं दीड लिटर आठवड्याभरातच गेलं आणि उरलेलं पन्नास दिवसांत संपलं, वास यायच्या आत.